आठशे पन्नास मिलिव्होल्ट

सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०८० हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आले आणि पहिल्या काही दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या. गेम व्यवस्थित चालू असताना एकदम बंद पडायचा आणि समोर नुसता डेस्कटॉप दिसायचा. लोकांनी नोंदी तपासल्या, तेव्हा एक गोष्ट वारंवार दिसली. कार्डाचा वेग क्षणभर २००० मेगाहर्ट्झच्या पुढे गेला की गाडी अडायची. संशय आधी चिपच्या मागच्या बाजूला बसवलेल्या कपॅसिटरवर गेला. कोणत्या कंपनीने कोणत्या प्रकारचे किती कपॅसिटर लावले आहेत, याचे फोटो काढून तुलना सुरू झाली. त्या महिन्याच्या अखेरीस एनव्हिडियाने ४५६.५५ क्रमांकाचा ड्रायव्हर आणला. त्यानंतर कार्डे कमाल वेगाच्या टोकावर जरा कमी जाऊ लागली आणि बहुतेकांची अडचण मिटली.

या कार्डांना कोणीही हात लावलेला नव्हता. ती खोक्यातून काढून तशीच बसवलेली होती. तरीही ती स्वतःच्या क्षमतेच्या इतक्या काठावर चालत होती की थोडा वेग उतरवताच स्थिर झाली. ग्राफिक्स कार्डाचे ट्यूनिंग शिकू पाहणाऱ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण आजच्या कार्डात कारखान्याने किती वाव शिल्लक ठेवला आहे, हे त्यातून कळते. वेगाच्या बाजूला तो फारच थोडा आहे. विजेच्या बाजूला मात्र बराच आहे.

पूर्वी असे नव्हते. २०१५ सालच्या जीटीएक्स ९८० टीआय या कार्डाचा कागदावरचा बूस्ट वेग १०७५ मेगाहर्ट्झ होता आणि ते घरच्या घरी १४०० पर्यंत सहज चढायचे. तेव्हाच्या ओव्हरक्लॉकिंगची कीर्ती अजून लोकांच्या डोक्यात आहे आणि नवशिक्याची अपेक्षा तिथूनच बिघडते. जीपीयू बूस्ट नावाची व्यवस्था २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० सोबत आली. पुढच्या प्रत्येक पिढीत ती अधिक चतुर होत गेली. आता कार्ड तापमान, वीज आणि व्होल्टेज यांच्यावर सतत नजर ठेवते आणि जागा दिसली की वेग स्वतःच वाढवते. आरटीएक्स ३०८० चा अधिकृत बूस्ट वेग १७१० मेगाहर्ट्झ आहे, पण प्रत्यक्ष गेममध्ये ते बहुतेक वेळ १८५० ते १९५० च्या आसपास असते. म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा मोठा भाग कार्डाने तुमच्याआधीच उरकलेला असतो.

हे सगळे एका वक्ररेषेवर चालते. प्रत्येक कार्डाच्या आत एक तक्ता असतो. अमुक व्होल्टेज दिले तर चिप तमुक वेगाने धावेल, असे त्यात लिहिलेले असते. हा तक्ता एकाच चिपसाठी बेतलेला नसतो. एकाच वेफरमधून कापलेल्या चिपाही सारख्या निघत नाहीत. एखादी ८५० मिलिव्होल्टवर १८५० मेगाहर्ट्झ सहज पेलते, तर दुसरी त्याच व्होल्टेजवर १७५० ला धापा टाकते. कंपनीला दोन्ही विकायच्या असतात, म्हणून ती अशक्त चिपलाही पुरेल इतके व्होल्टेज सगळ्यांना देते. तुमची चिप बरी निघाली असेल, तर तिला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत असते आणि त्या जादा व्होल्टेजची उष्णताच होते.

त्याची किंमत किती, हे एका साध्या सूत्राने काढता येते.

```
P ∝ V² × f
```

P म्हणजे चिपने खाल्लेली वीज, V व्होल्टेज आणि f वेग. यात व्होल्टेजचा वर्ग आहे आणि सगळे मर्म त्या वर्गात आहे. समजा एखादे ३०८० गेममध्ये १.०० व्होल्टवर १९०० मेगाहर्ट्झने चालते. त्याला ०.८५ व्होल्ट आणि १८१५ मेगाहर्ट्झवर आणले. वेग साडेचार टक्क्यांनी उतरला. व्होल्टेजचा वर्ग मात्र १ वरून ०.७२ वर आला. दोन्हींचा गुणाकार साधारण ०.६९ होतो, म्हणजे मुख्य चिपची वीज सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. कार्डाच्या एकूण ३२० वॅटपैकी सगळी वीज चिप खात नाही. मेमरी, व्होल्टेज पुरवणारी मंडले आणि पंखे यांचा वाटा वेगळा असतो आणि तो या बदलाने फारसा हलत नाही. चिपचा वाटा २२० वॅट धरला, तर जवळपास ७० वॅट वाचतात आणि कार्ड २५० च्या घरात येते. ३०८० चे अंडरव्होल्टिंग करणाऱ्यांना प्रत्यक्षातही असेच आकडे दिसतात.

साडेचार टक्के वेग गेल्यावर तेवढे फ्रेमही जातील असे वाटते, पण फटका सहसा त्याहून कमी बसतो. बऱ्याच दृश्यांत कार्ड चिपच्या वेगावर अडलेले नसून मेमरीची किंवा प्रोसेसरची वाट पाहत असते. शिवाय मूळ सेटिंगवर जड दृश्य आले की कार्ड ३२० वॅटच्या मर्यादेला धडकते आणि वेग स्वतःच खाली घेते. कमी व्होल्टेजवर चालणारे कार्ड त्या मर्यादेपासून लांब असल्याने वेग धरून ठेवते. म्हणून शंभर फ्रेम देणारे कार्ड ९७ ते ९९ देते. खेळताना हा फरक कोणाला ओळखता येत नाही. पंख्याच्या आवाजातला फरक मात्र लगेच कळतो.

आता प्रत्यक्ष कृती.

यासाठी सगळ्यात जास्त वापरले जाणारे मोफत साधन म्हणजे एमएसआय आफ्टरबर्नर. ते दुसऱ्या कंपन्यांच्या कार्डांवरही चालते. फक्त ते एमएसआयच्या किंवा गुरू थ्रीडीच्या अधिकृत पानावरूनच उतरवावे. २०२२ मध्ये हुबेहूब त्याच्यासारख्या दिसणाऱ्या बनावट साइटवरून नाणी खोदणारे चोरटे सॉफ्टवेअर पसरवले जात असल्याचे उघड झाले होते. आकडे पाहण्यासाठी जोडीला HWiNFO64 घ्यावे.

पहिले काम मूळ स्थिती मोजण्याचे आहे. काहीही न बदलता थ्रीडीमार्कची टाइम स्पाय चाचणी किंवा युनिजिनची सुपरपोझिशन चालवावी आणि गुण, कार्डाचे तापमान, मेमरीचे तापमान, वॅट आणि पंख्याचा वेग वहीत लिहून ठेवावा. मग रोजचा एखादा जड गेम अर्धा तास खेळून तेच आकडे पुन्हा घ्यावेत. ही पायरी गाळणारे खूप असतात. पुढे आपण काय कमावले हे त्यांना कधीच नेमके सांगता येत नाही.

नंतर आफ्टरबर्नर उघडून Ctrl + F दाबावे. आलेखाची खिडकी उघडते. त्यात आडव्या अक्षावर मिलिव्होल्ट आणि उभ्या अक्षावर मेगाहर्ट्झ असतात. मघाशी सांगितलेली वक्ररेषा ती हीच. मुख्य खिडकीतली Core Clock ची सरकपट्टी उणे २५० वर नेऊन लागू केली की सगळी रेषा खाली बसते. मग ८५० मिलिव्होल्टचा ठिपका शोधून तो एकटाच वर ओढायचा आणि १८०० च्या जवळ न्यायचा. पुन्हा लागू केले की त्याच्या उजवीकडचे सगळे ठिपके त्याच उंचीवर सपाट होतात. कार्डाला आता कळते की ८५० च्या पुढे व्होल्टेज वाढवून जास्त वेग मिळणार नाही, म्हणून ते तिथेच थांबते. वेग १५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी बदलतो. शिवाय चिप तापली की रेषा एखाद-दोन टप्पे खाली सरकते. त्यामुळे थंड कार्डावर १८१५ वर ठेवलेला ठिपका गेममध्ये १८०० दाखवू लागला, तर घाबरण्याचे कारण नाही.

इथे एक बारकावा आहे आणि बहुतेकांचा गोंधळ त्यातूनच होतो. ८५० मिलिव्होल्टवर कंपनीने दिलेला वेग साधारण १७०० च्या आसपास असतो. आपण तो १८१५ वर नेला. म्हणजे ज्याला सगळे अंडरव्होल्टिंग म्हणतात, ते त्या ठिपक्यापुरते ओव्हरक्लॉकिंगच असते. एकूण वीज आणि उष्णता कमी होते, त्यामुळे कार्डाला इजा होण्याची भीती नसते. पण चिप त्या व्होल्टेजवर तो वेग पेलेल याची हमीही नसते. ‘व्होल्टेज कमी केले, मग क्रॅश कसा होईल’ या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

ठिपका ठेवल्यावर HWiNFO64 मध्ये दोन ओळी शेजारी शेजारी पाहाव्यात. एक कार्डाने सांगितलेला वेग, दुसरी GPU Effective Clock, म्हणजे सरासरीने प्रत्यक्षात मिळालेला वेग. वर दिलेल्या पद्धतीत एकच ठिपका उंच आणि डावीकडचे सगळे खोल असतात. त्यामुळे हे दोन आकडे कधी २०-३० मेगाहर्ट्झने वेगळे निघतात. तफावत मोठी असेल तर उलट्या पद्धतीने जावे. आधी सगळी रेषा इतकी वर घ्यावी की ८५० चा ठिपका हव्या त्या वेगावर येईल आणि मग उजवीकडचे ठिपके खाली ओढून सपाट करावेत. याला वेळ जास्त लागतो, पण आकडे जुळतात.

चाचणीच्या बाबतीत धीर हवा. सुपरपोझिशनची एक फेरी निर्धोक पार पडली, म्हणजे कार्ड स्थिर झाले असे होत नाही. थ्रीडीमार्कच्या पैशाच्या आवृत्तीत ताणचाचणी असते. ती एकच दृश्य वीस वेळा चालवते आणि फ्रेमची स्थिरता किमान ९७ टक्के राहिली तरच पास करते. ती उपयोगी आहे, पण अंतिम नाही. रे ट्रेसिंग चालू केलेला सायबरपंक २०७७ किंवा कंट्रोल यांच्यासारखा गेम चिपचे वेगळेच भाग कामाला लावतो. चाचणीत तासभर टिकलेले कार्ड तिथे दहा मिनिटांत कोसळू शकते. फरमार्क मात्र या कामासाठी टाळावे. ते कार्डाला इतकी वीज ओढायला लावते की वेग मर्यादेखाली दबतो आणि ज्या ठिपक्याची परीक्षा घ्यायची, तिथे कार्ड पोहोचतच नाही.

अस्थिरतेची लक्षणे ओळखू येतात. चिपचा वेग पेलला नाही, तर गेम थिजतो, पडदा क्षणभर काळा होतो आणि डेस्कटॉप दिसतो. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिले नाही की विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्याची नोंद nvlddmkm या नावाने सापडते. मेमरी फारच ताणली गेली, तर पडद्यावर चमकणारे ठिपके, चौकडीचे तुकडे किंवा भलत्याच रंगाचे पट्टे दिसतात. मेमरीची लक्षणे दिसली तर तिचा वेग उतरवावा. चिपची दिसली तर ठिपका १५ किंवा ३० मेगाहर्ट्झने खाली घ्यावा, नाहीतर तोच वेग ८७५ मिलिव्होल्टवर द्यावा. आठवडाभर रोजच्या वापरात कसलीही तक्रार आली नाही, तरच ‘विंडोजसोबत आपोआप लागू करा’ हे बटण दाबावे. तोपर्यंत संगणक बंद करून चालू केला की सगळे मूळ स्थितीत येते आणि हीच मोठी सुरक्षा आहे.

कार्ड जळेल का, हा प्रश्न प्रत्येक नवशिक्या विचारतो. आफ्टरबर्नरच्या सरकपट्ट्यांनी ते जवळपास अशक्य आहे. कमाल व्होल्टेज आणि कमाल वीज या दोन्हींची वरची मर्यादा कार्डाच्या बायोसमध्ये बांधलेली असते आणि सरकपट्टी तिच्या पलीकडे जात नाही. चिप तापली की कार्ड वेग उतरवते आणि फारच तापली तर बंद होते. धोका त्या कुंपणाबाहेर आहे. दुसऱ्या कार्डाचा बायोस भरणे, वीज मोजणाऱ्या रोधकावर डाग लावून कार्डाला फसवणे असे प्रकार त्यात येतात. तिथे नवशिक्याने जाऊ नये, वॉरंटीही तिथेच संपते. सरकपट्ट्या वापरताना नुकसान झालेच, तर बहुधा सेव्ह न केलेल्या कामाचे होते. म्हणून चाचणीच्या दिवशी व्हिडिओचे संपादन किंवा प्रकल्पाची फाइल उघडी ठेवू नये.

आता उलट दिशा, म्हणजे खरे ओव्हरक्लॉकिंग. एनव्हिडियाच्या स्वतःच्या फाउंडर्स एडिशन ३०८० मध्ये विजेची मर्यादा ३२० वरून ३७० वॅटपर्यंत वाढवता येते. ती पूर्ण वाढवून कोअरला शंभरेक मेगाहर्ट्झ दिले आणि चिप बरी निघाली, तर गेममध्ये तीन ते पाच टक्के फ्रेम वाढतात. ६० चे ६२ किंवा ६३ होतात. त्यासाठी १५ टक्के वीज जास्त, पंखे चढलेले आणि खोलीत ५० वॅटची भर. पॉवर सप्लायचाही विचार करावा लागतो. या पिढीची कार्डे काही मिलिसेकंदांपुरती सरासरीच्या कितीतरी वर झेप घेतात आणि एनव्हिडियानेच ३०८० साठी ७५० वॅटचा सप्लाय सुचवलेला आहे. जुन्या ६५० वॅटच्या सप्लायवर मर्यादा वाढवली, तर ड्रायव्हरऐवजी सगळा संगणकच फटकन बंद होऊ शकतो. त्या वेळी दोष चिपचा नसतो.

मेमरीचे प्रकरण याहून फसवे आहे. ३०८० वरची जीडीडीआर६एक्स मेमरी चूक झाली की ती पकडते आणि तोच डेटा पुन्हा पाठवते. त्यामुळे वेग थोडा जास्त झाला तरी पडद्यावर सहसा काहीच बिघाड दिसत नाही. फक्त पुन्हा पाठवण्यात वेळ जातो आणि गुण घसरतात. नवशिक्या सरकपट्टी वर वर नेत राहतो, क्रॅश होत नाही म्हणून खूश होतो आणि प्रत्यक्षात मूळ सेटिंगपेक्षा कमी कामगिरीवर खेळत असतो. म्हणून मेमरी शंभर-शंभरने वाढवावी आणि प्रत्येक वेळी गुण पाहावेत. वाढ थांबली की दोन टप्पे मागे यावे. तापमानाची ओळही बघत राहावे, कारण ही मेमरी ११० अंशांना पोहोचली की कार्ड स्वतःहून वेग कमी करते. ती आधीच शंभरीच्या पुढे असेल, तर मेमरीला हात लावूच नये.

एएमडीची कार्डे वापरणाऱ्यांना वेगळे साधन लागत नाही. अॅड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्येच व्होल्टेजची सरकपट्टी असते. ती २५ मिलिव्होल्टच्या टप्प्यांनी खाली आणायची आणि वर सांगितल्याप्रमाणेच तपासायची. आरटीएक्स ३०६० सारख्या १७० वॅटच्या कार्डावरही हीच पद्धत चालते. तिथे बचत ३०-४० वॅटची असते, कारण मुळातच कमी वीज खाणाऱ्या कार्डात वाचवायलाही कमीच असते.

७० वॅटची बचत पैशांत मोजली, तर रोज तीन तास खेळणाऱ्याचे वर्षाला साधारण ७७ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर पावणेआठशे रुपये होतात. तेवढ्यासाठी कोणी हा खटाटोप करणार नाही. खरा लाभ उष्णतेत आहे. कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानावर चढत जाते. पुण्यात जानेवारीच्या रात्री ६८ अंशांवर राहणारे कार्ड जळगाव किंवा नागपूरच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, तसे राहणार नाही. खोली १५ अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढेच वर जाते आणि पंखे पूर्ण वेगाने फिरू लागतात. तिथे ७० वॅट कमी उष्णता बाहेर पडणे म्हणजे पाच ते आठ अंशांचा फरक, किंवा तेच तापमान राखून बरेच शांत पंखे. दर उन्हाळ्याआधी कार्डाच्या पंख्यांवरची आणि पात्यांमधली धूळ काढणे हेही याच कामाचा भाग आहे. धूळ साचलेले कार्ड अंडरव्होल्ट करून थंड झाल्यासारखे वाटते आणि खरा दोष झाकला जातो.

उन्हाळ्याच्या उष्णतेमुळेच जानेवारीत बसवलेली सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासावी लागते. गरम चिपला त्याच वेगासाठी जास्त व्होल्टेजची गरज पडू शकते. हिवाळ्यात काठावर टिकलेला ८५० चा ठिपका मग एखाद्या दुपारी दगा देतो. आफ्टरबर्नरमध्ये पाच प्रोफाइल साठवता येतात. एकात १८१५ ठेवावे, दुसऱ्यात त्याच व्होल्टेजवर १७७०, आणि फेब्रुवारी संपला की दुसऱ्यावर यावे. मोठा ड्रायव्हर अपडेट आला किंवा वेगळ्या इंजिनवरचा नवा गेम घेतला, तरी अर्धा तास HWiNFO64 उघडे ठेवून खेळावे आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहावे.